माहेरहून परतली आणि केस गळायला लागले

दिवाळीच्या आठ दिवस आधी भाचीचा अभनपूरहून फोन आला. फोनच्या आधी फोटो आला होता. जमिनीवर वर्तमानपत्र पसरलेलं आणि त्यावर लिंबाएवढा केसांचा गुंता. ‘‘मावशी, हे फक्त आजच्या न्हाण्याचे. अशीच राहिले तर बाळाच्या वाढदिवसाला टक्कल पडेल मला.’’

रायपूरहून धमतरीच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या-पाऊण तासावर अभनपूर येतं. भाचीच्या सासरची मंडळी मराठी, पण तीन पिढ्यांपासून तिथलीच. घरात मराठी आणि अंगणात छत्तीसगढी. पहिलं बाळंतपण म्हणून ती नागपूरला माहेरी आली होती. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. दसऱ्यानंतर बाळाला घेऊन ती सासरी परतली आणि पंधरा दिवसांत केस गळायला लागले.

आता या दोन गोष्टी अशा पाठोपाठ घडल्यावर घरात काय झालं असेल ते सांगायला नकोच. माझ्या बहिणीचा निकाल तयार होता, ‘‘तिकडचं बोअरचं पाणी जड आहे. आमच्याकडे तीन महिने एक केस गळला नाही.’’ सासूबाईंनी ते ऐकलं आणि त्यांना लागलं. त्यांचं म्हणणं, अंगावर पाजणाऱ्या बाईचं सगळं सत्त्व दुधात जातं, म्हणून केस गळतात. एक वेळ पावडरचं दूध सुरू कर. भाचीने औषधाच्या दुकानातून केसांच्या गोळ्या आणल्या होत्या आणि रात्रीचं पाजणं बंद करून डबा आणायच्या बेतात होती. मी तीस वर्षं त्वचा आणि केसांचे रोगी पाहिले, त्यामुळे फोन माझ्याकडे आला. नाहीतर डबा आलाच असता.

मी तिला आधी एकच काम दिलं. ‘‘त्या गुंत्यातले चाळीस केस सुटे कर, काळ्या कापडावर ठेव आणि प्रत्येकाचं टोक बघ.’’

टोकावरचा पांढरा ठिपका

तासाभराने तिने सांगितलं, चाळीसपैकी छत्तीस केसांच्या एका टोकाला मोहरीहून बारीक पांढरा ठिपका आहे. ‘‘म्हणजे मुळापासून उपटून आले ना?’’ तिचा आवाज रडवेला झाला होता. हा ठिपका पाहून बहुतेक बायका घाबरतात. खरं तर तो पाहून मला हायसं वाटलं.

पाणी जड असेल तर केस राठ होतात, गुंततात आणि मधेच तुटतात. तुटलेल्या केसाला ठिपका नसतो, दोन्ही टोकं सारखी असतात आणि तुकडे कमी-जास्त लांबीचे असतात. ठिपका असलेला पूर्ण लांबीचा केस तुटलेला नसतो, तो आपली मुदत संपवून गळलेला असतो. पांढरा ठिपका म्हणजे केसाचं वाळलेलं बुड. ज्यातून केस उगवतो ती जिवंत पिशवी कातडीच्या आत तशीच शाबूत राहते आणि त्याच जागी नवा केस तयार होऊ लागलेला असतो. झाडाचं पान गळताना देठासकट गळतं, पण फांदी जागेवर असते, तसं हे. बोअरचं पाणी तिथल्या तिथे निर्दोष ठरलं.

मग केस गळायला सासरी आल्यावरच का लागले? कारण ते गळायचं ठरलं होतं जुलैमध्ये.

डोक्यावरचा प्रत्येक केस तीन अवस्थांतून जातो. दोन ते सहा वर्षं तो वाढतो. मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, आणि पुढे साधारण तीन महिने तो नुसता जागेवर टिकून असतो, वाढत नाही. या तीन महिन्यांना आपण विश्रांती म्हणू. विश्रांती संपली की तो गळतो. सगळे केस एकाच वेळी या फेऱ्यात नसतात, म्हणून रोज थोडे गळतात आणि थोडे उगवतात. आपल्याला कळतही नाही.

गरोदरपणात हे वेळापत्रक बदलतं. शरीरात इस्ट्रोजेन हे संप्रेरक खूप वाढलेलं असतं आणि त्याच्या प्रभावाने, ज्या केसांनी विश्रांतीला जायचं ते वाढतच राहतात. सातव्या-आठव्या महिन्यात बाईचे केस दाट आणि तजेलदार दिसतात ते यामुळे. नवे केस उगवलेले नसतात, जुने निघून गेलेले नसतात. प्रसूती झाली, वार पडली की काही दिवसांत इस्ट्रोजेन एकदम खाली येतं. थांबवून ठेवलेले सगळे केस मग एकदम विश्रांतीला जातात. तिथून तीन महिने मोजा. जुलैच्या मध्यापासून मोजलं तर ऑक्टोबर येतो.

म्हणजे माहेरी तीन महिने एकही केस गळला नाही हे बहिणीचं म्हणणं खोटं नव्हतं. आपल्याकडे बाळंतीण साधारण सव्वा ते तीन महिने माहेरी राहते आणि केसांची मुदतही तेवढीच असते. त्यामुळे गळती नेमकी सासरी परतल्यावर दिसते आणि पाणी, हवा, नाहीतर सासू यांच्या माथी मारली जाते. माझ्या दवाखान्यात हीच तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की, ‘‘माहेरहून कधी आलीस?’’ हा माझा पहिला प्रश्न असायचा.

मूठभर केसांचा हिशेब

भाचीला कारण पटलं, पण गुंत्याचा आकार पटेना. तेव्हा आम्ही फोनवरच हिशेब मांडला.

डोक्यावर ढोबळमानाने १ लाख केस असतात. एरवी त्यातले सुमारे १० टक्के, म्हणजे १० हजार, विश्रांतीत असतात. विश्रांती शंभर दिवसांची धरली तर रोज शंभरेक केस गळणार. हे सगळ्यांचंच होतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत विश्रांतीतले केस निम्म्यावर येतात, म्हणजे रोजची गळ पन्नासावर येते. १९६० मध्ये लिनफिल्ड या संशोधिकेने गरोदर आणि बाळंतीण बायकांचे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची मुळं तपासली, तेव्हा गरोदरपणाच्या शेवटाला वाढते केस ९५ टक्क्यांच्या आसपास होते आणि प्रसूतीनंतर दीड महिन्यात ते पाऊणशे टक्क्यांच्या आसपास उतरले होते. म्हणजे जवळजवळ पाव डोकं एकदम विश्रांतीत.

आता हे २४-२५ हजार केस शंभर दिवसांत गळायचे, तर रोजचे अडीचशे झाले. भाची न्हायची आठवड्यातून दोनदा. गळायला आलेले केस वेणीत आणि अंबाड्यात अडकून राहतात, न्हाताना एकदम सुटतात. साडेतीन दिवसांचे मिळून आठशेच्या वर. शिवाय केस लांब, कमरेपर्यंतचे. आठशे लांब केसांचा गुंता लिंबाएवढाच होतो.

या हिशेबात आणखी एक दिलासा आहे. अडीचशेतले शंभर तर नेहमीचेच, आणि त्यांची जागा नवे घेतच असतात. म्हणून सगळी गळती धरली तरी डोक्यावरची दाटी साधारण सहाव्या-सातव्या हिश्शाने कमी होते. एवढ्याने टक्कल दिसत नाही. कानशिलाजवळ आणि कपाळाच्या कडेला विरळ दिसतं, भांग थोडा रुंद वाटतो, अंबाडा लहान होतो. लोकांना ते कळत नाही, तिला मात्र कळतं, कारण तिच्या डोळ्यांसमोर आठव्या महिन्यातली जाड वेणी असते. तुलना करायची असेल तर गरोदर राहण्याआधीच्या फोटोशी करावी. भाचीने लग्नातला फोटो काढून पाहिला आणि म्हणाली, ‘‘अगं, तेव्हाही भांग असाच होता की.’’

आजेसासूबाईंचा वेगळाच सिद्धांत होता. ‘‘बाळ आईला ओळखून हसायला लागलं की आईचे केस गळतात, त्यात काय एवढं!’’ मला हा फार आवडला. कारण चुकीचं, पण वेळ अचूक. बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की माणसाकडे बघून हसतं, तिसऱ्या महिन्यात आई ओळखू लागतं आणि चौथ्यात आईचे केस गळतात. घड्याळ नसलेल्या काळात बायकांनी बाळाच्या हसण्यावर महिने मोजले होते.

बाळाचंही तेच असतं, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं. बाळाच्या डोक्याच्या मागच्या भागातले केस जन्माच्या सुमारास विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. आपण म्हणतो, पाळण्यात डोकं घासून टाळू मागून उघडी पडली. घासण्याने थोडा हातभार लागतो, पण मुख्य कारण वेळापत्रकच. जावळ काढायच्या आधीच मागचं जावळ गेलेलं असतं आणि आई-मुलगी एकाच महिन्यात केस गाळत बसलेल्या असतात.

दुधाचं म्हणाल तर पाजणं आणि ही गळती यांचा संबंध जोडून पावडरचा डबा आणण्यात अर्थ नाही. घड्याळ सुरू होतं ते प्रसूतीपासून. वरचं दूध पिणाऱ्या बाळांच्या आयांचेही केस गळतात. जो केस विश्रांतीला गेला तो पाजणं थांबवून परत वाढीला लागत नाही, ना तेलाने, ना शांपूने. बाळ मात्र हकनाक दुधाला मुकतं. सासूबाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं सांगितलंत. पण लाडू तर चालतील ना?’’ अळिवाचे लाडू जरूर खावेत, अळिवात लोह चांगलं असतं. ते खाल्ल्याने चालू गळती थांबत नाही एवढंच.

पण सगळंच वेळापत्रकावर ढकलू नये

इथवर सगळं सरळ होतं. तरी मी तिला फोन ठेवू दिला नाही, कारण बाळंतपणानंतरची नेहमीची गळती आणि आजारामुळे होणारी गळती या दोन्ही एकाच महिन्यांत येतात आणि एकीच्या आड दुसरी लपते. मी विचारलं, ‘‘लोहाच्या लाल गोळ्या घेतेस ना?’’ ती गप्प झाली.

सरकारी कार्यक्रमात गरोदरपणी मिळतात तशाच लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या प्रसूतीनंतरही १८० दिवस, रोज एक, घ्यायच्या असतात. छत्तीसगढमध्ये गावोगावच्या मितानिन त्या घरी आणून देतात. भाचीने नागपूरला असतानाच त्या सोडल्या होत्या, बद्धकोष्ठ होतं म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत छत्तीसगढमधल्या दर पाच बायकांत तिघींना रक्तक्षय आढळला होता. त्यात बाळंतपणातला रक्तस्राव मिळवला तर केसांना लोह कुठून मिळणार? शरीर आधी रक्त, मग इतर इंद्रियं बघतं. केसांचा नंबर शेवटी लागतो.

म्हणून तीन तपासण्या सांगितल्या. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन आणि थायरॉइडसाठी टीएसएच. पण त्याआधी केसांच्या त्या गोळ्यांचं पाकीट वाचायला लावलं. रोज १० मिलिग्रॅम बायोटिन! बायोटिन कमी पडल्याने केस गळणारी बाळंतीण क्वचितच सापडते, त्यामुळे या गोळीचा तिला फायदा नव्हताच. तोटा मात्र होता. रक्तातल्या जास्त बायोटिनमुळे बऱ्याच प्रयोगशाळांमधल्या थायरॉइडच्या चाचण्या चुकतात. टीएसएच खोटा कमी येऊ शकतो, म्हणजे मंदावलेला थायरॉइड ठीक दिसेल किंवा ठीक असलेला बिघडलेला. गोळी बंद करून चार दिवस थांब आणि मग रक्त दे, असं मी सांगितलं. निदान दोन दिवस तरी जायला हवेत, आणि प्रयोगशाळेत गोळीचं नाव सांगायला हवं.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या वर्षात काही बायकांच्या थायरॉइडला सूज येते. आधी छातीत धडधड, घाम, वजन उतरणं. मग चौथ्या ते आठव्या महिन्याच्या सुमारास उलट, थंडी वाजणं, अंग जड होणं, मरगळ, मन उदास. ही लक्षणं बाळाच्या जागरणांवर ढकलली जातात आणि केस बाळंतपणावर. एक रक्ततपासणी केली की प्रश्न मिटतो.

भाचीचा टीएसएच व्यवस्थित आला. हिमोग्लोबिन ९.२ निघालं, जे १२ च्या वर हवं. फेरिटिन ८, म्हणजे साठा रिकामा. १५ च्या खाली गेलं की लोहाची कमतरता धरतात. थोडक्यात, तिच्या गळतीत दोन गोष्टी मिसळल्या होत्या. एक आपोआप थांबणारी आणि दुसरी न थांबणारी.

अभनपूरच्या डॉक्टरांनी लोह पुन्हा सुरू केलं. जेवणानंतर चहा पिण्याची तिची सवय मोडावी लागली, कारण चहा आणि दूध लोह शोषू देत नाहीत. कॅल्शियमची गोळी सकाळी, लोहाची रात्री, लिंबूपाण्याबरोबर. शौचाचा रंग काळा होतो, त्याने घाबरायचं नाही. बद्धकोष्ठासाठी भाजी, पाणी आणि तरीही त्रास झाला तर डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यायची, सोडून द्यायची नाही.

आणखी एक गोष्ट, विरळ पण विसरू नये अशी. प्रसूतीत खूप रक्त गेलं असेल, नंतर दूध आलंच नाही, पाळी परतली नाही, काखेतले केसही गेले आणि उठवत नाही इतका थकवा आहे, तर तो केसांचा प्रश्न नाही. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला इजा झालेली असू शकते. तिथे लगेच मोठ्या दवाखान्यात जावं.

एरवी त्वचेच्या डॉक्टरांकडे कधी जायचं? नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडला, टाळूवर खाज, कोंड्याचे थर किंवा पुळ्या आल्या, बाकी केस थांबले तरी माथ्यावरचा भांग रुंदावतच गेला किंवा बाळ वर्षाचं झालं तरी गळती चालूच राहिली तर. केस उगवण्याची लावायची औषधं पाजणाऱ्या आईने आपल्या मनाने आणू नयेत.

बाळाची बोटं रोज बघा

केस गळण्याचा खरा धोका आईच्या डोक्याला नसतो, तो बाळाच्या बोटाला असतो. हे मी प्रत्येक बाळंतिणीला सांगते. गळालेला लांब केस मोज्यात, हातमोज्यात, दुपट्यात जातो आणि पायाच्या किंवा हाताच्या बोटाभोवती गुंडाळला जातो. ओला केस ताणला जातो आणि वाळला की आवळतो. बोट लाल होतं, सुजतं आणि सुजेत केस रुतून दिसेनासा होतो. रक्त पोचलं नाही तर बोट जाऊ शकतं. हा प्रकार पहिल्या काही महिन्यांच्या बाळांत जास्त दिसतो, नेमका आईचे केस गळतात तेव्हा.

बाळ दूध प्यायलं, कोरडं आहे, तरी रडायचं थांबत नाही, तर मोजे काढून दहाही बोटं आणि शूची जागा बघावी. बोटाभोवती रेघ उमटलेली असेल आणि केसाचं टोक हाती येत असेल तर हलकेच सोडवावा. सूज असेल किंवा केस दिसत नसेल तर कात्री घेऊन प्रयोग करू नयेत, सरळ दवाखाना गाठावा. भाचीकडे मी तीन नियम लावून दिले. बाळाला घेताना केस सैल बांधलेले, बाळाचे मोजे उलटे करून धुवायचे आणि झटकायचे, रात्री अंग पुसताना बोटं मोजायची. बोटं मोजायचं काम आजेसासूबाईंनी मागून घेतलं.

वेणी केव्हा भरेल?

गळती साधारण चौथ्या महिन्यात सर्वांत जास्त असते आणि सहाव्या ते नवव्या महिन्यापर्यंत ओसरते. दाटी बहुतेकींची बाळाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत भरून येते. भाचीची गळती जानेवारीअखेर कमी झाली. कपाळाच्या कडेने आणि भांगात बोटभर उभे केस दिसू लागले, तेव्हा ती चिडली, ‘‘तेल लावून चापून बसवले तरी उभेच राहतात!’’ ते नवे केस होते. टोक निमुळतं असेल तर केस नवा, कापल्यासारखं असेल तर तुटलेला.

घरी पाहायची एक साधी खूण आहे. न्हाऊन एक दिवस झाला की पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हलके ओढायची. सहाहून जास्त केस हातात आले तर गळती अजून जोरात आहे. भाचीच्या हाती नोव्हेंबरात अकरा आले होते, फेब्रुवारीत तीन. त्याच महिन्यात हिमोग्लोबिन ११.६ झालं होतं. फेरिटिनला अजून वेळ होता, म्हणून डॉक्टरांनी लोह पुढे चालू ठेवलं.

जुलैत बाळाचा वाढदिवस झाला. मी गेले होते. भांग भरलेला होता, अंबाड्याला पुन्हा चार आकडे लागत होते. पण वेणी सोडली की खालचा अर्धा भाग शेपटीसारखा. ‘‘मावशी, वर्ष झालं की,’’ तिने वेणी पुढे घेऊन दाखवली. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उगवलेले केस जुलैत आठ-नऊ सेंटिमीटरचे, कानापर्यंतही धड पोचलेले नाहीत. टाळूवरची दाटी वर्षात येते. कमरेपर्यंतच्या वेणीचं टोक जाड व्हायला तिला चार-पाच वर्षं लागतील. तोवर खांद्यापर्यंत कापले तर सारखे दिसतील, असं मी सुचवलं. सासूबाई लगेच ‘‘अजिबात नाही’’ म्हणाल्या. भाची हसली, पण तिने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि पंधरा दिवसांनी खांद्यापर्यंतच्या केसांचा फोटो पाठवला. फोटोत तिच्या कडेवर बाळ होतं आणि त्याच्या मुठीत तिची एक बट.